मागावरचा माणूस



विणकराचे छायाचित्र कसे काढावे, हा आजच्या माझ्या व्याख्यानाचा विषय. तो कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की हे छायाचित्रकारांनी आपापसात बोलण्याचे बोलणे आहे, आपल्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या कपाटातील साडीपासून सुरू होतो. हल्ली हातमागाचे कापड विकणारी मंडळी नुसते कापड विकत नाहीत. त्याबरोबर विणकराची गोष्टही सांगतात. गोष्टीच्या शेजारी एक छायाचित्र असते : मागापुढे बसलेला माणूस, हातात धोटा, चेहऱ्यावर सुरकुत्या, कोपऱ्यातून उजेडाची एक तिरीप. ते पाहून गिऱ्हाईक विश्वासाने चार पैसे जास्त मोजते. म्हणजे ते चित्र ही एक साक्ष झाली. आणि साक्षीदाराला आपण पहिला प्रश्न काय विचारतो? तू सांगतोस ते खरे का?

खोट्या साक्षीचे नुकसान दोघांना सोसावे लागते. यंत्रमागावर निघालेली नक्कल हातमागाच्या विणकराचे चित्र पुढे करून विकली गेली, तर गिऱ्हाईक फसते हे उघड आहे. पण त्या चित्रातला माणूसही लुबाडला जातो, कारण त्याच्याच चेहऱ्याने त्याचे गिऱ्हाईक पळवलेले असते. काही ठरावीक वाण हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा 1985 साली झाला, पैठणीला भौगोलिक मानांकन 2010 साली मिळाले. पण कायदा कागदावर असतो आणि चित्र डोळ्यांपुढे असते. म्हणून चित्र वाचायला शिकले पाहिजे, काढणाऱ्यानेही आणि पाहणाऱ्यानेही.

सगळ्या देशातल्या मागांबद्दल बोलत बसलो तर रात्र पुरणार नाही. मी एकच उदाहरण घेतो, आपल्या घरचे : येवल्याची पैठणी. नाव पैठणचे, पण आज तिचे माग नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात घरोघर आहेत. काही चौकटीचे आहेत आणि काही जुन्या पद्धतीचे, खड्ड्याचे.

खड्ड्याचा माग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जमिनीत एक खड्डा असतो. विणकर त्याच्या काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. पायाखाली दाबायच्या पट्ट्या असतात. त्याच्या मांडीजवळ, पोटाशी लागून, एक आडवा लाकडी दांडा असतो. त्याला तूर म्हणतात. विणून झालेले कापड या तुरीवर गुंडाळत जाते. तुरीपासून पुढे हात-दीड हातभर ताजे विणलेले कापड दिसते. मग येते फणी : वेताच्या किंवा लोखंडाच्या बारीक काड्यांची, ताण्याचा प्रत्येक धागा तिच्या फटीतून गेलेला. ही फणी एका झुलत्या चौकटीत बसवलेली असते. विणकर ती स्वतःकडे ओढतो आणि नुकताच घातलेला धागा ठोकून बसवतो. फणीच्या पलीकडे वह्या. पायाने पट्टी दाबली की वही उचलते, ताण्याचे दोन थर वेगळे होतात आणि मध्ये एक फट पडते. त्या फटीतून धोटा जातो, आणि धोट्याच्या पोटात कांडी असते, तिच्यावर बाण्याचा धागा गुंडाळलेला. वह्यांच्या पलीकडे मग नुसता ताणा, लांबवर गेलेला.

हा क्रम लक्षात ठेवा : माणूस, तूर, कापड, फणी, वही, ताणा. एवढ्या एका क्रमावरून निम्मी खोटी चित्रे ओळखता येतात. विणकराला ‘जरा तिकडे उभे राहा, उजेड चांगला आहे’ म्हणून वह्यांच्या पलीकडे नेतात, त्याचे हात ताण्यावर ठेवतात आणि चित्र काढतात. खाली लिहितात, ‘विणकामात मग्न’. तेथे विणकाम होतच नाही! तेथे तुटलेला धागा सांधला जातो, ताणा तपासला जातो. ते कामही सुंदर आहे. पण मग तसे लिहावे.

दुसरी खूण धोट्याची. धोटा हा मागाचा सर्वांत देखणा भाग, नावेसारखा, हाताळून गुळगुळीत झालेला. म्हणून चित्र काढणाऱ्याला तो हातात उंच धरलेला हवा असतो, कृष्णाच्या मुरलीसारखा. आता आपण त्या चित्रात धागा शोधा. धोट्याच्या छिद्रातून निघालेला धागा कापडाच्या शेवटच्या विणलेल्या ओळीपर्यंत पोचला पाहिजे. तो मध्येच लोंबत असेल, किंवा कांडीच रिकामी असेल, तर तो धोटा चित्रापुरता उचललेला आहे. ताण्याचे दोन थर मिटलेले असताना धोटा आत शिरताना दाखवला असेल, तर तीही नाटकातली तलवार समजा.

तिसरी खूण पैठणीची खास आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माग दोन तऱ्हांनी चालतो. साडीच्या साध्या अंगाला, जेथे धागा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ जातो, तेथे पुष्कळ मागांवर झटक्याचा धोटा असतो. वर दोरी असते, तिला मूठ असते. मूठ खेचली की धोटा एका बाजूच्या पेटीतून सुटतो आणि दुसऱ्या पेटीत जातो. इंग्लंडात जॉन के याने 1733 साली ही युक्ती काढली. पण पैठणीच्या पदराची नक्षी अशी होत नाही. पदरातला मोर, वेल, कमळ हे प्रत्येक रंगाच्या वेगळ्या छोट्या गुंडीने विणतात. तिला तिल्ली म्हणतात. एका ओळीत जितके रंगांचे तुकडे, तितक्या तिल्ल्या कापडावर ओळीने पडलेल्या असतात. विणकर ताण्याचे धागे मोजतो, अमुक धाग्यांखालून हिरवी तिल्ली काढतो, तेथे ती जरीच्या तिल्लीत अडकवतो, मग पुढची जर, मग लाल. दोन शेजारचे रंग एकमेकांच्या गळ्यात हात घालून उभे राहतात. म्हणून अस्सल पदराची उलट बाजूही सुलट बाजूसारखीच दिसते. पाठीमागे लोंबते धागे नसतात.

याचा अर्थ काय झाला? नक्षीच्या ओळीत कोणताही धागा साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. म्हणजे तेथे झटका मारण्याचे कामच नाही. तरीही चित्रात पुढे पदरावर वीस-पंचवीस तिल्ल्या मांडलेल्या आहेत आणि विणकराचा हात वर झटक्याच्या मुठीवर आहे, असे दिसले, तर कोणीतरी त्याला म्हणाले आहे, ‘दादा, ती दोरी ओढल्यासारखे करा ना!’ दादांनी पाहुण्याचा मान ठेवला. पण खाली मान घालून मोजण्याचे जे अवघड काम त्यांनी जन्मभर केले, ते चित्रातून गेले आणि पाहुण्याला आवडलेली एक हालचाल उरली.

आणखी एक गोष्ट. येवल्यात कित्येक मागांवर वर जेकार्ड बसवलेले असते, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ खाली लोंबत असते. त्या पुठ्ठ्यांवरून ताण्याचे धागे उचलले जातात आणि काठाची किंवा अंगावरच्या बुट्ट्यांची नक्षी होते. छायाचित्रकाराला ते यंत्र ‘पुरातन’ वाटत नाही, म्हणून तो चित्र वरून कापतो. असे करू नये. जेकार्ड असलेला मागही हातापायानेच चालतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण ते लपवून ‘सगळी नक्षी बोटांनी’ म्हणणे ही लबाडी आहे. आणि ज्या शेजाऱ्याच्या मागावर खरोखरच सगळी नक्षी तिल्लीने होते, त्याच्यावर तो अन्याय आहे.

आता उजेडाकडे वळू. विणकराने आपला उजेड आधीच निवडलेला असतो, हे बाहेरून येणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. ज्याला रेशमाचे धागे मोजायचे आहेत, त्याचा माग बहुधा खिडकीशेजारी किंवा दाराशेजारी असतो आणि उजेड एका बाजूने येतो. समोरून आला असता तर डोळे दिपले असते, पाठीमागून आला असता तर स्वतःचीच सावली कामावर पडली असती. त्याने जो उजेड धाग्यासाठी शोधला, तोच चेहऱ्यासाठीही उत्तम असतो. गालाचा एक भाग उजळतो, दुसरा हळूहळू सावलीत जातो, आणि माणसाला आकार येतो.

याउलट यंत्रावरचा झगमगाटी दिवा समोरून मारला की दोन अपघात एकदम होतात. जर आरशासारखी चमकते आणि पांढरा पट्टा होऊन बसते. तिची वीण नाहीशी होते. आणि रेशमाचा रंग सपाट होतो. पैठणीच्या रेशमात पुष्कळदा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. त्यामुळे घडी हलली की रंग बदलतो, धूपछाव दिसते. ती धूपछाव तिरप्या उजेडातच दिसते, समोरच्या दिव्यात मरते. म्हणजे नैसर्गिक उजेड ही येथे हौस नाही. मालाचा खरा गुण दाखवण्याचा तो मार्ग आहे.

पण खिडकीचा उजेड म्हणजे खिडकीतून आलेले ऊन नव्हे. ऊन थेट ताण्यावर पडले तर तेच झगमगाटाचे दुखणे पुन्हा होते. अशा वेळी ऊन सरकेपर्यंत थांबावे, नाहीतर घरातले एखादे जुने धुतलेले पांढरे धोतर खिडकीवर टांगावे. सावलीची बाजू फार काळी होत असेल तर तसेच एक पांढरे कापड त्या बाजूला जमिनीवर पसरावे. उजेड त्यावरून उसळून हनुवटीखाली जातो. वर नळीचा दिवा लागलेला असतो. त्याचा रंग वेगळा, खिडकीचा वेगळा. दोन्ही मिसळले की चेहरा एकीकडे हिरवट दिसतो. तो दिवा मालवावा, पण विणकराला विचारून आणि चार-पाच मिनिटांपुरताच. त्याचे डोळे आपल्या चित्रापेक्षा महाग आहेत.

एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. खिडकी विणकराच्या डाव्या हाताला, हात-दोन हातांवर. सकाळचे साडेनऊ. ऊन अंगणात आहे, खोलीत नाही. पदराचे काम चालू आहे, तिल्ल्या मांडलेल्या आहेत. आता उभे कोठे राहायचे? अगदी समोर, ताण्याच्या बाजूने पाहिले तर फणी आणि वह्या यांच्यामागे माणूस गजांआड बसल्यासारखा दिसतो. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने 1884 साली न्युनेन गावी विणकरांची कितीतरी चित्रे काढली. त्यातल्या पुष्कळ चित्रांत तो प्रचंड माग विणकराला पिंजऱ्यासारखा वेढून बसलेला आहे. त्या चित्रकाराला कदाचित तेच म्हणायचे असेल. आपल्याला ते म्हणायचे नसेल, तर समोरून बाजूला सरकले पाहिजे. फणीच्या चौकटीचे टोक ओलांडून, विणकराच्या उजवीकडे पुढे, तिरपे बसावे. तेथून खिडकीकडचा गाल उजळ दिसतो, आपल्याकडचा मऊ सावलीत येतो आणि तूर, कापड, फणी हा क्रम एका नजरेत वाचता येतो.

मी ‘बसावे’ म्हणालो, ‘उभे राहावे’ नव्हे. खड्ड्याच्या मागावरचा माणूस जमिनीच्या पातळीवर बसलेला असतो. आपण उभे राहून चित्र काढले की त्याचे डोके मोठे, पाय नाहीसे आणि नजर वर, भीक मागितल्यासारखी. सन्मान हा शब्द फार मोठा आहे. छायाचित्रात त्याचे माप पुष्कळदा हातभर असते, भिंग किती खाली आणले याचे. पण येथे एक खरी अडचण येते, ती लपवत नाही. भिंग अगदी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणले तर कापड आडवे पडून रेघेसारखे दिसते आणि पदराची नक्षी हरवते. भिंग वर नेले तर नक्षी दिसते आणि माणूस खाली जातो. दोन्ही एका चित्रात पूर्ण साधत नाही. मी भिंग त्याच्या कपाळाच्या उंचीवर ठेवतो, नक्षी थोडी कमी दिसली तर दिसो; आणि नक्षीचे वेगळे चित्र वरून काढतो, त्यात फक्त हात आणि तिल्ल्या. माणसाच्या चित्रात माणूस आणि नक्षीच्या चित्रात नक्षी.

यंत्राचे आकडे ज्यांना हवेत त्यांच्यासाठी : संवेदनक्षमता 800, छिद्र 5.6, वेळ एक साठांश सेकंद, आणि तिवई. छिद्र आणखी मोठे उघडले तर चेहरा मऊ पार्श्वभूमीवर छान उठतो हे खरे. पण ती मऊ पार्श्वभूमी म्हणजेच फणी आणि वही! माग धुरकट करून मागावरच्या माणसाचे चित्र काढण्यात अर्थ नाही. वेळ थोडी लांब आहे, म्हणून हात हलला तर पुसट येतो. पण पदर विणताना विणकर फणी ठोकून झाल्यावर क्षणभर थांबतो, पुढची तिल्ली डोळ्यांनी शोधतो. त्या क्षणी फणी मागे गेलेली असते, तिच्या चौकटीचा वरचा दांडा चेहऱ्यावरून दूर झालेला असतो, आणि माणूस विचार करत असतो. चित्र त्या क्षणाचे. ते मागून मिळत नाही. दहा-पंधरा ओळी नुसत्या पाहत बसले की त्याची लय कळते आणि क्षण आधीच ओळखता येतो.

1946 साली मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन छायाचित्रकार गांधीजींचे चरख्याजवळ चित्र काढण्यास गेली, तेव्हा आधी तुम्ही सूत कातायला शिका, असे तिला सांगण्यात आले. तिला ती अट विचित्र वाटली असेल. पण तिच्यातला शहाणपणा आपल्या लक्षात यावा. त्या प्रसिद्ध चित्रात चरखा पुढे आहे, स्पष्ट आहे, आणि गांधीजी मागे बसून वाचत आहेत. चरखा फिरवल्याचे सोंग नाही. काम चालू नसेल तर चालू नाही असेच दाखवावे. मागावर हात ठेवून शांत बसलेला विणकर हेही खरे चित्र आहे.

आता ज्याच्याबद्दल बोलतो आहे त्याच्या बाजूने दोन गोष्टी. पैठणीच्या विणकराला बहुधा साडीमागे मजुरी मिळते. दाट नक्षीच्या पदरात दिवसभर बसून इंच-दीड इंच पुढे सरकावे, असे ते काम. आपण दोन तास घेतले तर तेवढी वीण गेली. म्हणून त्या वेळेचे पैसे आधी बोलून द्यावेत, चहापाण्याच्या नावाखाली नव्हे, मजुरी म्हणून. आणि हे चित्र कोठे वापरणार, किती दिवस वापरणार, तेही मराठीत, सरळ सांगावे. दुसरी गोष्ट पोशाखाची. मनगटावर घड्याळ आहे, ते राहू द्या. खिडकीत मोबाइल वाजतो आहे, तो राहू द्या. ‘काका, तो सदरा काढून बंडी घाला, पागोटे बांधा’ असे सांगणाऱ्याला विणकर नको असतो, जत्रेतला पुतळा हवा असतो. फक्त एक मुभा त्याला द्यावी : चित्र निघणार म्हणून त्याला स्वतःहून इस्त्रीचा सदरा घालायचा असेल तर घालू द्यावा. आपण तरी लग्नाच्या फोटोला रोजच्या कपड्यात कोठे बसतो!

आणि घरात पाहावे. कांड्या कोणी भरल्या? रेशीम कोणी उकलले? पुष्कळ घरांत ते वहिनींनी केलेले असते, कित्येक घरांत मागावरही त्याच बसतात. चित्राखाली एकट्या पुरुषाचे नाव येते आणि अर्धे काम बेनामी राहते. दोघांची नावे विचारावीत, त्यांना हवी तशी लिहावीत.

शेवटी तपासणीची एक पद्धत सांगतो. चित्र उलटे फिरवू नका. पान सजवणाऱ्याला माणूस मजकुराकडे तोंड करून हवा असतो, म्हणून तो आरशातल्यासारखे चित्र फिरवतो. मग उजव्या हाताचा विणकर डावरा होतो, आणि विणणारी बाई असेल तर अख्खा महाराष्ट्र डाव्या खांद्यावर पदर घेतो तो तिच्या उजव्या खांद्यावर जातो. बायकांच्या ते तात्काळ ध्यानात येते, पुरुषांच्या वर्षभर येत नाही.

आणि निघण्यापूर्वी ते चित्र विणकरालाच दाखवावे. मी एका विणकराला असे एक चित्र दाखवले. चेहऱ्याकडे त्याने पाहिलेही नाही. थोडा वेळ पाहून म्हणाला, “भाऊ, बाकी बरोबर आहे. पण ही लाल तिल्ली तुम्ही उचलून फोटोसाठी पुढे ठेवली ना? ती मोराच्या चोचीची आहे. ती इकडे असती तर मोर विणायचा कसा?” तिल्ली माझ्या सहकाऱ्याने रंग छान दिसावा म्हणून हलवली होती. आम्ही ती जागेवर ठेवली, थांबलो आणि दुसरे चित्र घेतले. लाल रंग त्यात थोडा कोपऱ्यात गेला आहे. पण त्या चित्रातला मोर विणता येतो.

आपण पुढच्या वेळी साडी घ्याल आणि शेजारी विणकराचे चित्र दिसेल, तेव्हा एवढे तीन प्रश्न विचारा : धागा कापडापर्यंत पोचला आहे का? हात करतो आहे ते काम पुढ्यातल्या कापडाला लागणारे आहे का? आणि त्या माणसाचे नाव लिहिले आहे का? उत्तरे मिळाली नाहीत तर दुकानदाराला विचारा. पाच जणांनी विचारले तर तो विचारात पडेल, पन्नास जणांनी विचारले तर चित्र बदलेल.